तीनदा चुकलं तर बाद

माझं काम काय आहे, हे मला घरच्यांना आजवर धड सांगता आलेलं नाही. आई शेजारणींना सांगते, "ती लॅपटॉपवर असते." सासूबाई म्हणतात, "पुण्याच्या कंपनीत आहे, पण घरीच असते," आणि त्यातल्या 'पण'वर जरा जास्तच जोर देतात. देऊळगाव राजाला आमच्या घराच्या वरच्या खोलीत बसून मी जे करते ते असं. कुठल्यातरी कंपनीला सॉफ्टवेअर हवं असतं. ते कसं हवं हे सांगायला ते स्लाइडांचा एक गठ्ठा पाठवतात. त्याला आमच्यात डेक म्हणतात. डेकमध्ये बाण असतात, गोल असतात, हसरी माणसं असतात आणि "विश्वासार्ह, पारदर्शक, अखंड" असे शब्द असतात. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या पोरांना या शब्दांचा काडीचा उपयोग नसतो. त्यांना कळायला हवं, नक्की कुणाला काय करायचंय, कशासाठी करायचंय, आणि ते जमलं हे ओळखायचं कशावरून.

म्हणून मी तो डेक फोडून त्याच्या लहान लहान स्टोऱ्या करते. प्रत्येक स्टोरीचं पहिलं वाक्य ठरलेल्या साच्यातलं असतं: अमुक म्हणून मला तमुक करायचंय, म्हणजे ढमुक होईल. खाली स्वीकाराचे निकष असतात: असं असताना, कुणी असं केलं, तर असं झालं पाहिजे. या स्टोऱ्या ओळीनं एका यादीत लागतात. ती यादी म्हणजे बॅकलॉग. पोरं त्यातून वरची स्टोरी उचलतात, बांधतात, आणि तपासणारे निकषांवर बोट ठेवून पास-नापास करतात. निकषात जे लिहिलं ते होतं. तिथं चूक लिहिली तर चूकही तितक्याच इमानदारीनं होते.

दोन वर्षांपूर्वी एका बियाणं कंपनीचा डेक माझ्याकडे आला तेव्हा मला हसूच आलं. आमच्या भागात मिरची-टोमॅटोच्या बियाण्यांचे प्लॉट गावोगाव आहेत. शेडनेटच्या जाळीत बाया मिरचीच्या कळीतले नर, म्हणजे पुंकेसर, काढतात, दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दुसऱ्या वाणाचे पराग लावतात, आणि खूण म्हणून देठाला दोरा बांधतात. याला सगळे क्रॉसिंगच म्हणतात. कंपनीचा सुपरवायझर येऊन बघतो. भलत्या वाणाची झाडं उपटलीत का, बिनदोऱ्याची फळं तोडलीत का, हे त्यानं पाहायचं असतं, नाहीतर बियाण्यात भेसळ होते आणि ते कंपनीच्या चाचणीत नापास होतं. हीच तपासणी मोबाइलवर आणायची होती. एकोणचाळीस स्लाइडा होत्या. पहिल्याच स्लाइडवर फेटेवाला गोरापान शेतकरी मोबाइलकडे पाहून हसत होता. असा माणूस मी आमच्या तालुक्यात पाहिलेला नाही.

माझी एक सवय आहे, आणि तिचा मला अभिमानही होता. डेक वाचताना मी कागदावर तीन रकाने पाडते. एकात स्पष्ट मागण्या, दुसऱ्यात नुसत्या सदिच्छा, तिसऱ्यात प्रश्न. तिसरा रकाना नेहमी सगळ्यात लांब होतो, आणि तो घेऊन मी प्रॉडक्टवालीच्या मागे लागते. प्रॉडक्टवाली म्हणजे पुण्यातली आमची एक मुलगी, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, हुशार आणि कायम घाईत. कंपनीशी बोलणं तिनं करायचं, स्टोऱ्या मी लिहायच्या, आणि झालेलं काम शेवटी तिनं स्वीकारायचं अशी आमची वाटणी आहे.

या वेळी मी तिसरा रकाना जवळजवळ कोरा ठेवला. मला काय विचारायचंय? माझं माहेर चिखलीच्या रस्त्यावर, लहानपणी सुट्टीत मीही क्रॉसिंगला गेलेली. पुण्यातल्या लोकांनी मला विचारावं! प्रॉडक्टवालीनं म्हटलंही, "एकदा एखाद्या प्लॉटवर जाऊन येतेस का? तुला जवळ आहे." मी म्हटलं, "अगं, मी तिथलीच आहे." शहाण्याला शब्दांचा मार म्हणतात. मी शहाणी नव्हते, त्यामुळे मला दोन महिने काही लागलं नाही.

सतराव्या स्लाइडवर होतं: "शेतकऱ्याच्या पुष्टीशिवाय झालेली तपासणी खपवून घेतली जाणार नाही. ओटीपीद्वारे खात्री." बस, एवढंच. कारण उघड होतं. सुपरवायझर चहाच्या टपरीवर बसून तपासण्या भरतात, अशी कंपनीला शंका होती. मी लिहिलं: "शेतकरी म्हणून मला प्रत्येक तपासणीची ओटीपीनं पुष्टी करायची आहे, म्हणजे खोट्या तपासण्या पकडल्या जातील." खाली निकष लिहिले. सुपरवायझरनं तपासणी भरली की नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी जावा. शेतकऱ्यानं तो सुपरवायझरला सांगावा, आणि चोवीस तासांत तो भरला गेला नाही, तर तपासणी अमान्य व्हावी. आणि मग मी थांबले, कारण "खपवून घेतली जाणार नाही" म्हणजे पुढे काय, हे कुठंच नव्हतं. हा प्रश्न होता. तो तिसऱ्या रकान्यात जायला हवा होता. मी लिहिलं: "लागोपाठ तीन तपासण्या अमान्य झाल्यास प्लॉटची स्थिती आपोआप 'बाद' व्हावी."

तीनच का? मला माहीत नाही. चहा घेत होते, तीन बरा वाटला. दोन कडक वाटले असते, चार ढिले. प्रत्येक स्टोरीवर ती कुठल्या स्लाइडवरून आली याचा आकडा मी टाकते, तसा इथंही टाकला: स्लाइड १७. त्या एका आकड्यामुळे सगळ्यांना वाटलं की तीन कंपनीनंच सांगितलेत. पोरांनी बांधलं, तपासणाऱ्यांनी तीनदा ओटीपी चुकवून प्लॉट बाद करून पाहिला, अगदी बरोबर बाद झाला. स्टोरी पास झाली. प्रॉडक्टवालीनं मला अंगठा पाठवला, मीही उलट अंगठा पाठवला.

आमच्याच तालुक्यातल्या काही गावांत त्या ॲपचा पहिला वापर सुरू झाला. एका सकाळी माझ्या चुलत काकूचा फोन आला. काकूचा मिरचीचा प्लॉट आहे. काका ट्रक घेऊन दक्षिणेकडे असतात, महिन्यातून दोनदा येतात. लावणीपासून दोऱ्यापर्यंत सगळं काकू आणि तिच्यासोबतच्या चार बाया बघतात.

"बाई, तुह्या कंपनीनं माह्या प्लॉटले लाल केलं," काकू म्हणाली.

"माझी कंपनी नाही ती काकू. काय झालं नीट सांग."

"सुपरवायझर म्हणते, शिस्टमनं बाद केलं, मी काय करू. आता मिरची लाल व्हायले आली. शेवटची तपासणी आठ दिवसांवर हाये. बाद प्लॉटचं बी ते उचलत नाहीत, तुले मालूम नाही का?"

मला मालूम होतं. कंपनीनं उचललं नाही तर ते बी दुसऱ्या कुणाच्या कामाचं नसतं. दोन महिने वाकून बांधलेल्या दोऱ्यांची किंमत शून्य. मी लॅपटॉप उघडला आणि तिचा प्लॉट पाहिला. तीन तपासण्या, तिन्ही अमान्य. स्थिती: बाद. खाली बारीक अक्षरात, कुणामुळे: सिस्टीम. ती सिस्टीम मीच होते.

मी काकांना फोन लावला. नोंदणी त्यांच्या नावावर, त्यामुळे नंबर त्यांचाच.

"काका, तुम्हाला कंपनीचे मेसेज आले होते का? आकडे असलेले?"

"आले ना! तीनदा आले," काका ट्रकच्या आवाजावर ओरडून म्हणाले. "सुपरवायझरनं फोनही केल्ता, नंबर सांगा म्हणे. मी म्हटलं, मले काय येडा समजला का? ओटीपी कोणाले सांगाव नाही, बँकेनं धा बार सांगेल हाये. एकबी नंबर सांगितला नाही पोरी. कटच केला फोन."

केवढा अभिमान होता त्यांच्या आवाजात. एवढी वर्षं सगळ्यांनी सगळ्यांना हेच बजावलं, आणि काकांनी ते मनापासून पाळलं. मी त्यांना काय बोलणार? मी फक्त म्हटलं, "बरं केलं काका," आणि फोन ठेवला. मग स्वतःला चार शिव्या दिल्या.

त्याच दुपारी मी प्लॉटवर गेले. शेडनेटच्या आत ऊन हिरवट होतं, आणि बाया ओळीत बसून बिनदोऱ्याची फळं तोडत होत्या. काकूनं मला पाहून हातातलं काम सोडलं नाही. मी तिच्यामागं ओळीनं सरकत सगळं सांगितलं. हा नियम मी लिहिला, तीनचा आकडा माझा, कुणी सांगितला नव्हता. सांगताना मला खरंच लाज वाटत होती. ती रागावेल म्हणून मी तयारीनं गेले होते.

"तू काऊन लिवला मंग?" तिनं विचारलं. रागानं नाही, खरंच कळून घ्यायचं होतं तिला.

"मला वाटलं मला माहीत आहे."

"हाव, होते असं," काकू म्हणाली आणि फळ टोपलीत टाकलं.

मी म्हटलं, "मी आज रात्रीच्या आत ही भानगड मुळातून काढायला लावते. ओटीपी नको, पुष्टी नको, काहीच नको. सुपरवायझर भरेल तेच खरं."

तेव्हा ती पहिल्यांदा थांबली. "काढू नको ना बाई. काढतं कशाले?"

"अगं, त्यानंच तर तुझा प्लॉट बाद झाला."

"तो इचारल्यामुळं कुठं झाला? मले कोणी इचारलंच नाही. तीनपैकी दोन बार तो सुपरवायझर बांधावरूनच गेला. जाळीत पायबी टाकला नाही. मले इचारलं असतं तर मी सांगितलं असतं, तो आत आला नाही म्हणून. मंग त्याले यावं लागलं असतं." तिनं हात पदराला पुसला. "त्याचं चुकते असं नाही म्हणत मी. त्याच्याकडे चाळीस प्लॉट अन् एक गाडी. पण माह्या प्लॉटमंधी काही भलतं झाड राह्यलं, तर बी नापास होईन माहं. त्याची नोकरी राहीन."

माझ्या स्टोरीत "म्हणजे खोट्या तपासण्या पकडल्या जातील" असं होतं. ते कंपनीला हवं होतं. 'शेतकरी म्हणून मला' असं लिहून मी तिथं कंपनीच बसवली होती. शेतकऱ्याला काय हवं होतं ते मला समोरून कळत होतं: तपासणी नीट झाली नाही तर तसं सांगता यावं, आणि सांगितल्याची शिक्षा आपल्यालाच होऊ नये. आणि शेतकरी म्हणजे ज्याच्या नावावर नोंद तो नव्हे, जी ओळीत बसली आहे ती. हे शोधायला मला पुस्तकं लागणार नव्हती, अर्धा तास गाडी चालवायची होती.

घरी येऊन मी प्रॉडक्टवालीला व्हिडिओ कॉल लावला. वाटेत मनात एक पळवाट घोळत होती, ती कबूल करते. "डेकमध्येच गोंधळ आहे" असं म्हटलं असतं तर निभावून गेलं असतं. डेकमध्ये गोंधळ होताच.

"स्लाइड सतरामधला तीनचा नियम लगेच बंद करायला हवा," मी म्हटलं.

"तो क्लायंटचा नियम आहे ना? त्यांना विचारावं लागेल."

"त्यांचा नाही. माझा आहे. डेकमध्ये आकडाच नाही. मी घातला, कुणाला विचारलं नाही, आणि वर स्लाइडचा नंबर टाकला."

ती डोक्याला हात लावून हसायला लागली, पण ते हसू काही आनंदाचं नव्हतं. "त्यांनी मला मागेच विचारलं होतं, तीनच का म्हणून. मला वाटलं, विचारणाऱ्यानं स्वतःचीच स्लाइड वाचली नसेल; मी म्हटलं, ठरल्याप्रमाणंच आहे. म्हणजे ते समजले आपला, आपण समजलो त्यांचा." तिनं पडद्यावर यादी उघडली. काकूशिवाय आणखी चार प्लॉट लाल होते. "बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली. "नाहीतर मी उद्या त्यांच्याशी या तीनसाठी भांडले असते. आधी हे थांबवू. तोवर तू नवीन स्टोरी लिही. आणि हे बघ, या वेळी तिसरा रकाना मला दाखव."

मी पोरगी म्हणते तिला, पण त्या दिवशी तिनं मला मोठ्या बहिणीसारखं सांभाळून घेतलं. ओरडली असती तर चाललं असतं. संध्याकाळपर्यंत कंपनीनं होकार दिला, पोरांनी आपोआप बाद करणारा नियम बंद केला, आणि पाचही प्लॉट 'तपासणी बाकी' वर आले. काकूचा प्लॉट वाचला असं मात्र अजून म्हणता येत नव्हतं. शेवटची तपासणी बाकी होती.

नवीन स्टोरी मी प्लॉटच्या बांधावर बसून लिहिली. "प्लॉटवर रोज काम पाहणारी व्यक्ती म्हणून मला तपासणी आतून झाली की नाही हे स्वतः सांगायचं आहे, म्हणजे माझं बी नापास होण्याआधी चूक सापडेल." एकाच्या तीन स्टोऱ्या कराव्या लागल्या, कारण सगळं एकात कोंबलं असतं तर वेळेत झालं नसतं. पहिली, नोंदणीवाल्याशिवाय दुसऱ्या माणसाचा नंबर जोडता यावा. दुसरी, आकडा मागणारा मेसेज बंद, त्याऐवजी मराठीत फोन यावा आणि बटण दाबून उत्तर देता यावं: एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. काकूचा फोन साधा, बटणांचा होता. कंपनी हवामानाचे फोन तसे आधीपासून करतच होती, त्यामुळे हे पटकन जमलं. तिसरी, उत्तरानंतर काय होईल. तिचे निकष मी काकूला वाचून दाखवत लिहिले. "नाही" असं उत्तर आलं, तर ती तपासणी अमान्य व्हावी, सुपरवायझरच्या यादीत प्लॉट परत यावा, आणि प्लॉटच्या स्थितीत काहीही बदल होऊ नये. उत्तरच आलं नाही, तर कार्यालयातल्या माणसानं फोन करावा. प्लॉट बाद करायचा तर तो माणसानंच करावा, कारण लिहून, स्वतःच्या नावानं.

"फोनमंधी काय इचारणार?" काकूनं विचारलं.

"आज तुमच्या प्लॉटची तपासणी झाली का?"

"आतून म्हण. बांधावरून तर बैलबी पाह्यते."

मी 'आतून' घातलं.

शेवटच्या तपासणीच्या दिवशी आम्ही तेच नव्यानं बांधलेलं करून पाहायचं ठरवलं. माझा लॅपटॉप बाजेवर, त्यात पुण्याहून प्रॉडक्टवाली आणि कोड लिहिणारा पोरगा. सुपरवायझर आला. थकलेला भला माणूस, हेल्मेटचा पट्टा गालावर उमटलेला. त्यानं जाळीच्या दारातून आत नजर टाकली, फोटो घेतला, दोन-चार गोष्टी भरल्या आणि म्हणाला, "झालं ताई. चांगला आहे मावशीचा प्लॉट." मी काही बोलले नाही, माझं बोलणं निकषात नव्हतं.

काकूचा फोन वाजला. तिनं तो कानाला लावून शेवटपर्यंत ऐकला. मग कानापासून दूर धरून, नीट पाहून, अंगठ्यानं बटण दाबलं.

लॅपटॉपवर तपासणी अमान्य झाली. "अरे, चुकून दोन दाबलं गेलं का?" पुण्याहून पोरगा घाबरून म्हणाला. "पुन्हा करू या का?"

"चुकून नाही," काकू म्हणाली. "साहेब मंधात आले नाही, मंग मी एक काऊन दाबू?"

सुपरवायझरचा चेहरा पडला. मी पडद्यावर प्लॉटची स्थिती पाहत होते. ती हलली नाही. तपासणी बाकी, तशीच. लाल झाली नाही.

"बसा साहेब, पाणी प्या," काकू त्याला म्हणाली. "मंग या आत. मी दाखवते."

तो पाणी प्यायला, जरा हसला, आणि वाकून आत शिरला. दीड तास लागला. कोपऱ्यातल्या ओळीत, जिथं जाळीची सावली दाट होती, त्याला भलत्या वाणाची दोन झाडं सापडली. मिरचीचा आकार जरासाच वेगळा. काकूच्या नजरेतून ती सुटली होती. त्यानं ती मुळासकट उपटली, फळांसह पोत्यात भरली, आणि बाजूच्या झाडांची फळं काकूला वेगळी ठेवायला सांगितली. काकूनं ती लगेच टोपलीत वेगळी काढली. ती दोन झाडं राहिली असती तर तिचं सगळं बी नापास झालं असतं. कुणाच्या नियमानं नव्हे, खरोखरच.

दुसरा फोन आला तेव्हा तिनं एक दाबलं. पडद्यावर प्लॉट हिरवा झाला आणि माझे डोळे भरून आले. मी ते लपवलं नाही.

प्रॉडक्टवालीनं स्वीकारायचा शेरा मारण्याआधी लॅपटॉपमधून काकूलाच विचारलं, "काकू, असं चालेल का?"

काकूनं वाकून पडद्यात पाहिलं. "चालन की. पण ते दोनचं बटण, उद्या कोणी मोठा साहेब काढा म्हणला, तरी काढू नोका."

मी तो शेवटचा निकष म्हणून लिहिला, तिच्याच शब्दांत. या वेळी उगमाच्या जागी स्लाइडचा आकडा टाकला नाही. काकूचं नाव टाकलं.